मदत हवी आहे: बाबांची विमा पॉलिसी रद्द, उत्तरात काय मागू?

यवतमाळजवळच्या खेड्यातून लिहितोय. बाबा जानेवारी २०२५ मध्ये गेले. दाव्याच्या चौकशीनंतर कंपनीनं पॉलिसीच रद्द केली. पत्र सभ्य आहे, फसवणुकीचा आरोप नाही, भरलेले हप्ते परत देतायत. कारण एकच: २०२१ च्या अर्जात 'मधुमेह आहे का?' पुढे 'नाही', आणि दवाखान्यात सापडलेल्या २०१९ च्या केसपेपरवर शुगरच्या गोळ्या. गोळ्या बाबा घेतच होते, ते मी नाकारणार नाही. पण इंग्रजी अर्ज एजंटनं भरला, बाबांची फक्त मराठी सही.

विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, आणि मूळ पॉलिसीची ती तीन वर्षं उलटली होती. मात्र कापसाचे पैसे अडकून हप्ता थकला, म्हणून पॉलिसी ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा चालू केली. मुदत तिथून मोजतात. पण पत्रात तेव्हाच्या आरोग्य घोषणापत्राचा उल्लेखच नाही. विमा लोकपालाआधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची आहे. त्यात त्याच घोषणापत्राची प्रत मागू का? कुणी असं लढलंय का?