दस्तांची भाषांतरं, एआय आणि नोकरी: एकच पुस्तक वाचायचं तर कोणतं?

शैला, म्हापसा: वकिलांच्या ऑफिसात बावीस वर्षं जुन्या पोर्तुगीज दस्तांची भाषांतरं करते. परवा साहेबांनी दहा पानं मशीनला घातली, दोन मिनिटांत इंग्रजी हातात. धसकाच बसला. तांत्रिक काही कळत नाही. माझ्यासारखीला समजेल असं एकच पुस्तक सांगा.

संजय: सगळ्या पुस्तकांचं सार एकच, ४७ टक्के नोकऱ्या जाणार. ऑक्सफर्डचा अभ्यास आहे. त्यापेक्षा कोडिंग शिका.

रामनाथ, फोंडा: संजय, आकडा खरा, अर्थ चुकला. २०१३ चा तो अंदाज अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा, आणि यंत्राला काय जमू शकेल एवढंच सांगणारा. २०१६ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी नोकरीतली कामं सुटी करून मोजली, तर ओईसीडी देशांत तोच आकडा ९ टक्क्यांवर आला.

शैलाताई, 'प्रेडिक्शन मशीन्स' वाचा. त्यात म्हटलंय की यंत्रामुळे अंदाज स्वस्त होतो, आणि मग निवाडा करणाऱ्याची किंमत वाढते. वाटणीच्या दस्तातली 'मेएइरा' घ्या. ब्राझीलमध्ये ती अर्धेलीनं शेत करणारीही असते. आपल्याकडच्या इन्व्हेंटरीत मात्र निम्म्या मिळकतीची मालकीण. यंत्रानं पहिला अर्थ धरला तरी वाक्य गुळगुळीतच उतरतं, आणि घरची मालकीण कूळ होऊन बसते. ती चूक पकडायला इथला वारसा कायदा ठाऊक लागतो.

मीनल, मडगाव: रामनाथभाई, पुस्तक २०१८ चं, चॅटजीपीटीच्या चार वर्षं आधीचं. आणि किंमत वाढते ती कोणासाठी? मी पानावर पैसे घेते. आता म्हणतात 'नुसतं तपासून द्या', दर निम्मा. पण जुनं हस्ताक्षर लावून ओळ न् ओळ मुळाशी ताडायची, वेळ तेवढाच जातो. ताई, असेमोग्लू आणि जॉन्सन यांचं 'पॉवर अँड प्रोग्रेस' वाचा. इंग्लंडात यंत्रं आली, माल वाढला, पण कामगारांची मजुरी कित्येक दशकं जेमतेम हलली. यंत्र कोणाच्या सोयीनं वापरायचं हे कोण ठरवतं, खरा प्रश्न तो आहे.

उमेश, कळंगुट: मी हॉटेलात रिसेप्शनवर. मुलगा बारावीला आहे, त्याला कुठली लाइन द्यावी हे यांतल्या कुठल्या पुस्तकात आहे?

रामनाथ, फोंडा: उमेशबाब, ते यांत नाही. मीनलबाय, दराचं तुमचं खरं, त्याला माझ्या पुस्तकात उत्तर नाही. पण तुमच्या सहीशिवाय ते पान कोर्टात चालेल का?

मीनल, मडगाव: सही माझी, चुकलं तर जबाबदारी माझी, पैसे निम्मे. हेच तर म्हणते मी.

शैला, म्हापसा: आज ती दहा पानं मुळाशी ताडली. 'फोरु' चं तीन ठिकाणी 'न्यायालय' केलंय. तिथं जमिनीचा वार्षिक खंड हवा होता. उद्या साहेबांपुढे ठेवते. दर कमी करायचं काढलं तर काय बोलायचं, ते अजून सुचत नाही. पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत ही दोन्ही कुणी पाहिलीत का?