बऱ्या दिवशी काम उरकावं की हात राखावा?

फोंड्याची वयनी: सहा वर्षं झाली, र्‍हुमॅटॉइड संधिवात आहे. परवा बोटं हलकी वाटली म्हणून सासूबाईंसोबत चवथीच्या नेवऱ्या करायला बसले, शंभरेक झाल्या असतील. मग दोन दिवस चहाचा कप उचलवेना. घरात म्हणतात परवा तर टुणटुणीत होतीस. बऱ्या दिवशी काम उरकून घ्यायचं की नाही? तुम्ही काय करता?

डिचोलीकर: अजिबात नाही. मला बारा वर्षं झाली, मी घड्याळ बघून थांबते, दुखेपर्यंत थांबत नाही. वीस मिनिटं लाटलं की उठायचं, कितीही बरं वाटत असलं तरी, कारण दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. आणि चिमटीने मुरड घालणं हेच सगळ्यात वाईट, सगळा जोर अंगठ्याच्या सांध्यावर येतो, त्यापेक्षा कातण फिरव. वाईट दिवशी पण सगळं सोडून झोपू नकोस गे, कोमट पाण्यात हात घालून मुठी उघडझाप कर, नाहीतर सांधे जास्तच धरतात.

म्हापशाची: मला नाही पटत. महिन्यात चार दिवस बरे येतात ते पण घड्याळ लावून जगायचे? भाचीच्या लग्नात मी फुगडी घातली, तीन दिवस पडून होते, परत घालीन.

माशेलकर: नेवऱ्या तळलेल्या असतात म्हणून त्रास झाला असणार. माझ्या मिस्टरांनी डाळी बंद केल्या, त्यांचा संधिवात गेला.

मडगावकर: काकू, तो युरिक अॅसिडचा असेल, हा आजार वेगळा, डाळ सोडून यात काही होत नाही. वयनी, राबल्याचं दुखणं साधारण एक-दोन दिवसांत उतरतं. सांधा सुजला, गरम लागला, सकाळचा ताठरपणा तासाच्या वर गेला आणि दिवसागणिक वाढतच असेल तर मात्र तो आजार उसळलेला असतो, तेव्हा डॉक्टरांना दाखवायचं. तो काही न करताही उसळतो, म्हणून प्रत्येक वेळी आपलंच चुकलं म्हणून कुढत बसू नका. मेथोट्रेक्सेट घेत असाल तर गोळीचा वार पण डायरीत लिहा. मी शनिवारी घेतो, रविवार मळमळीत आणि थकव्यात जातो, आधी मला तोही आजारच वाटायचा. आणि ती गोळी आठवड्यातून एकदाच, त्रास वाढला म्हणून चुकूनही रोज घ्यायची नाही, जिवावर बेतू शकतं.

माशेलकर: हो, त्यांचं युरिक अॅसिडच होतं.

फोंड्याची वयनी: सूज नव्हती, आज कप उचलला, म्हणजे राबल्याचंच. पण दुखण्यापेक्षा मला ते टुणटुणीत म्हणणं जास्त लागतं हो, आता बरं वाटलं तरी सांगायची भीती वाटते.

म्हापशाची: म्हणूनच म्हणते, बरं वाटलं तर आधी स्वतःच्या आवडीचं कर, नेवऱ्या दुसरं कोणीही करेल.

डिचोलीकर: तिला नेवऱ्याच आवडत असतील तर?

फोंड्याची वयनी: आवडतातच. सासूबाईंना विचारलंय, त्या लाटतील, मी बसून फक्त चून भरीन, वीस मिनिटं. त्या अजून काही बोलल्या नाहीत.