मदत हवी आहे: कपकेकचा कागद सुटतो, २०० वर टोक येतं, १५० वर मधे खड्डा पडतो

वरुडकर_सून
नमस्कार. तान्ह्या पोळ्यासाठी ४८ कपकेकची ऑर्डर आहे, अंड्याशिवाय. हाती आठ दिवस आहेत. १२ नगांचं प्रमाण असं: मैदा १८० ग्रॅम, पिठीसाखर १५०, घट्ट दही १८०, तेल ८०, दूध ६०, बेकिंग पावडर दीड चमचा, सोडा १ चमचा, व्हॅनिला. चमचे मापाचे आहेत, ५ मिलीचे. ओटीजी २८ लिटरचा, दोन्ही रॉड चालू.
२०० वर १८ मिनिटं ठेवले तर मधे टोक येऊन फुटतात. १५० वर २८ मिनिटं ठेवले तर फुगतात आणि बाहेर काढल्यावर मधे वाटीसारखे बसतात. आणि दोन्ही वेळी सकाळपर्यंत कागद बाजूनं सुटून फुलासारखा उघडतो. काय चुकतंय?

गोडधोड_यवतमाळ
ताई, कागदाला आतून ब्रशनं थोडं तूप लावा, मग सुटत नाही. अन् टोकासाठी आच कमीच पाहिजे. १५० बरोबर आहे, फक्त ५ मिनिटं जास्त ठेवा.

भट्टीजवळचा
आच कमी पाहिजे हे खरं, पण १५० ही फार कमी. आणि तूप लावू नका. मिश्रण कागदाला धरूनच वर चढतं. तुपामुळे ती पकड जाते आणि कागद आणखी लवकर सुटतो.
वरुडकर ताई, चार गोष्टी सांगा. मैदा घातल्यावर बीटर किती वेळ फिरवता? १२ साच्यांत सगळं मिश्रण संपवता का? भाजल्यावर ट्रेमधून कधी काढता? आणि ओटीजीचा लाल दिवा भाजताना मधून मधून विझतो, की सारखा पेटलेलाच राहतो?

वरुडकर_सून
बीटर ४-५ मिनिटं, गुठळी राहू नये म्हणून. मिश्रण बाराच साच्यांत संपवते, काठापासून बोटभर कमी. ट्रेमध्येच कोमट होऊ देते, मग झाकणाच्या डब्यात भरते. दुपारी दिवा विझतो. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा बराच वेळ विझतच नाही.

भट्टीजवळचा
आता उलगडलं. मुळात सोडा जास्त आहे, आणि २०० ची आच तो दोष झाकून ठेवते. म्हणून आच कमी केली की नवीन बिघाड झाल्यासारखं वाटतं.
हिशेब करू. १८० ग्रॅम मैदा म्हणजे दीड कप. एका कपाला साधारण सव्वा चमचा बेकिंग पावडर पुरते, म्हणजे तुम्हाला पावणेदोन-दोन चमच्यांचा जोर हवा. सोडा पावडरीच्या तिप्पट ते चौपट जोराचा असतो. तुमचा १ चमचा सोडा म्हणजे चार चमचे पावडर धरा, वर दीड चमचा वेगळी. झाली साडेपाच, गरजेच्या जवळजवळ तिप्पट. शिवाय पाऊण कप दही जेमतेम पाव-अर्ध्या चमच्याच्या मधला सोडा जिरवतं. उरलेला सोडा चवीला साबणासारखा लागतो आणि रंग गडद करतो.
२०० वर कडा आणि वरची साल लवकर धरते. आतला वायू मधूनच वाट काढतो आणि टोक फुटतं. १५० वर साल उशिरा धरते, मिश्रण आधी भरमसाट फुगतं, आणि आतला ढाचा पक्का होण्याआधीच बुडबुडे फुटून मधे बसतं. बसताना बाजूही आत ओढल्या जातात, तिथेच कागद सुटायला सुरुवात होते.
म्हणून सोडा पाव चमचा, पावडर १ चमचा. कोरडं सगळं दोनदा चाळा, म्हणजे गुठळीची भीती राहत नाही. मैदा घातल्यावर बीटर बंद, झाऱ्यानं वरखाली करून कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच मिसळा. जास्त फेटल्यानं मैद्याला चिवटपणा येतो, तोही टोक काढतो. ओळखायचं असेल तर टोकाचा एक केक उभा कापा. टोकाकडे जाणारी लांब भुयारं दिसली तर फेटणं जास्त, मोठी गोल भोकं दिसली तर सोडा जास्त.
मिश्रण साधारण ६५० ग्रॅम होतं. बाराच साच्यांत ५४ ग्रॅम बसतं, तेही टोकाला मदतच. वजनकाट्यावर ४५-४५ ग्रॅम भरा, १४ होतील. मधल्या खालच्या जाळीवर, १७० वर २० ते २२ मिनिटं. पहिली १५ मिनिटं दार उघडू नका.

चूलवाली_काकू
माझं तर उलटं हाय. केक कागदाले चिकटून बसते अन् अर्धा त्यातच राहते. मी गॅसवर कढईत मीठ टाकून करते, ओव्हन नाही. वरून सपाट अन् ओलसर राहते. काऊन?

भट्टीजवळचा
काकू, तुमचा प्रश्न वेगळा आहे. कढईत वरून आच नाही, आणि झाकणाची वाफ थेंब होऊन केकवर पडते. झाकणाला आतून सुती फडकं बांधा, कडा वर गुंडाळून, आचेपासून दूर. मीठ आधी १० मिनिटं मध्यम आचेवर तापू द्या. चिकटणं बहुतेक गरम असतानाच सोलल्यामुळे आहे, पूर्ण थंड झाल्यावर पाहा. कढईत ओव्हनसारखा घुमट मात्र येणं कठीण आहे.

गोडधोड_यवतमाळ
तुपाचं माझं चुकलं. पण सोडा कमी केला तरी या दमट हवेत कागद सुटणारच ना जी?

भट्टीजवळचा
तेच सांगायचं राहिलं. केक गरम ट्रेमध्ये राहिला तर वाफ कागद आणि केकच्या मधे अडकते, आणि कोमट डब्यात बंद केला तर तीच वाफ कागद भिजवते. बाहेर काढल्यावर ५ मिनिटांत जाळीवर घ्या. दीड तास उघडे, बुडाला हात लावून गार लागेपर्यंत डबा नको. झाकणाला आतून दव दिसलं, तर घाई झाली समजा.
आणि ओटीजी दुपारीच लावा. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर रॉडची ताकद साधारण ६० टक्केच उरते. दिवा एकदा विझल्याशिवाय ट्रे आत ठेवू नका. आकड्यावर विश्वास नसेल तर ॲल्युमिनियमच्या वाटीत चमचाभर साखर १५ मिनिटं ठेवा: १७५ ला तशीच राहायला हवी, १९० ला वितळायला हवी. १७५ लाच वितळली तर तुमचा ओटीजी दाखवतो त्याहून गरम आहे.

वरुडकर_सून
साखर १७५ ला कडेनं वितळली! म्हणून डायल १६० वर ठेवला, सोडा पाव चमचा, १४ साचे, २१ मिनिटं. टोक नाही, खड्डा नाही, हलका घुमट आला. जाळीवर दीड तास, मग डबा. रात्री सगळे कागद घट्ट होते. सकाळी १४ पैकी ३ सुटले. ते तिन्ही बाजारातल्या पातळ रंगीत कागदाचे होते, बाकीचे जाड पांढरे.

भट्टीजवळचा
कागदाचा संशय येतो, पण ते तीन ट्रेच्या एकाच कोपऱ्यात होते का? तसं असेल तर तिथं आच कमी पडून ते ओले राहिले असतील. पुढच्या वेळी दोन्ही कागद एकाआड एक ठेवा, बुडाला पेन्सिलनं खूण करा.

वरुडकर_सून
कोपरा लक्षात नाही हो. उद्या दुपारी लाईट असली तर एकाआड एक लावून पाहते.