मदत हवी आहे: पाय प्लास्टरमध्ये, खेळाच्या तासातून सवलतीचा अर्ज

मुलगा सातवीत आहे. सायकलवरून पडून उजव्या नडगीचं हाड मोडलं, मांडीपर्यंत प्लास्टर आहे. कुबड्या घेऊन परवापासून शाळेत जायला लागला. वर्गशिक्षिकेला तोंडी सांगितलं होतं, तरी पीटीच्या तासाला त्याला मैदानावर नेऊन उन्हात बसवलं. आता शाळा म्हणते, लेखी अर्ज द्या.

डॉक्टरांच्या दाखल्यावर फक्त 'सहा आठवडे प्लास्टर' एवढंच आहे. पण प्लास्टर निघाल्यावरही काही आठवडे धावणं-उड्या बंद, असं ते तोंडी म्हणाले. नवा दाखला पुढच्या एक्स-रेच्या वेळी, दहा दिवसांनी मिळेल. अर्ज मात्र सोमवारी द्यायचाय.

मी असं लिहिलंय: "माझ्या पाल्याच्या उजव्या पायास प्लास्टर असल्याने त्यास शारीरिक शिक्षणाच्या तासातून व कवायतीतून सूट मिळावी व त्या वेळेत वर्गात किंवा ग्रंथालयात बसू द्यावे, ही विनंती. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे."

अडलंय ते मुदतीपाशी. सहा आठवड्यांची तारीख टाकली तर प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला पळायला लावतील, ही धास्ती. 'डॉक्टर परवानगी देईपर्यंत' असं मोघम लिहिलेलं शाळा घेते का? आणि शारीरिक शिक्षणाची श्रेणी तोंडी किंवा लेखी कामावर द्यावी, हे याच अर्जात मागावं की वेगळ्या?