स्टिल लाइफ तपासताना आधी काय बघायचं: प्रमाण की शेडिंग?

वहीचं मागचं पान: डिझाइनच्या प्रवेश परीक्षेसाठी सराव चाललाय. समोर चिनी मातीचा जग, बाटली, सफरचंद, खाली कापड. ए३ कागद, दोन तास, प्रकाश डावीकडून. माझ्या चित्रात जगाचं तोंड ६ सेंमी रुंद, २.५ सेंमी उंच आलंय. बूड ७ सेंमीची सरळ रेघ. सगळे म्हणतात शेडिंग छान आहे, पण जग हवेत तरंगतोय. खालची सावली गडद केली की बसेल ना?

कुंचलेवाला: बसेल. ६बी घे आणि बुडाखाली ठासून काळं कर. तपासणाऱ्यापुढे चित्रांचा ढीग असतो, आधी डोळ्यांत भरतो तो काळ्या-पांढऱ्यातला फरक. बुडाची रेघ कोण मोजत बसतंय?

रेघोटी: मोजत कोणी नाही, पण खटकतं सगळ्यांना. तोंड इतकं उघडं दिसतंय म्हणजे तू जगाकडे बऱ्यापैकी वरून बघते आहेस. बूड तर डोळ्याच्या पातळीपासून तोंडाहूनही खाली, म्हणून त्याचं लंबवर्तुळ तोंडापेक्षा जास्त उघडं हवं. ७ रुंदीला साधारण ३.५ उंची धर. म्हणजे बुडाची पुढची कड दोन्ही टोकांपेक्षा जवळपास पावणेदोन सेंमी खाली उतरते. तू तोंड वरून पाहिलंस आणि बूड समोरून. त्याखाली काळं भरलंस तर ती सरळ रेघ आणखी उठून दिसेल.

फुलपाखरू२२: पण टेबल सपाट आहे, मग बूडही सपाटच असणार ना? मी तर सगळ्या भांड्यांना खाली सरळ रेघ मारते.

रेघोटी: डोळा टेबलाच्या पातळीवर आणलास तरच ते सरळ दिसेल. आणि कड वळवताना दोन टोकांना टोकदार कोपरे येऊ देऊ नका. आधी बुडाचं पूर्ण लंबवर्तुळ फिकट काढायचं, पाठीमागचा न दिसणारा भागसुद्धा. मग नको तो खोडायचा. असं केलं की कोपरे येतच नाहीत.

कुंचलेवाला: बरं, बूड मान्य. पण शेडिंग छान आहे हे कोणी ठरवलं? पानबाई, जगावर सगळ्यात गडद भाग कुठे आहे?

वहीचं मागचं पान: उजव्या कडेला. २बीने भरून बोटाने घासलंय. कडेने एक जाड रेघही आहे.

कुंचलेवाला: तेच ते. गडद पट्टा कडेच्या जरा आत हवा. खुद्द कडेवर कापडावरून उलटलेला उजेड पडतो, तिथे थोडं फिकट व्हायला हवं. शिवाय बोटाने घासलं की सगळं एकाच करड्या रंगाचं होतं. डोळे बारीक करून चित्र बघ. जग आणि कापड एकमेकांत मिसळले तर शेडिंग झालेलंच नाही.

रेघोटी: हे पटलं. जाड रेघ तर आधी काढ, तिच्यामुळे गोलाई मरते. पण घासण्यावर सरसकट फुली मारायला मी तयार नाही. कापडाच्या मऊ घडीला ते चालतं.

कुंचलेवाला: परीक्षेत नको. हात घामेजला की डाग पडतो आणि खोडरबरानेही जात नाही.

जुनी पेटी: आमच्या वेळी वस्तूंची नुसती यादी द्यायचे. मी जग मधोमध ठेवला, बाकी सगळं दोन्ही बाजूंना सारखं, आणि चित्र अगदी रांगेत उभं राहिल्यासारखं झालं. तू सफरचंद पुढे सरकव, जगावर चढव, बाटली मागे ने.

वहीचं मागचं पान: यादी नव्हती हो, वस्तू समोर मांडलेल्या आहेत आणि हात लावायचा नाही. सफरचंदाची कड जगाच्या कडेला नेमकी टेकते.

रेघोटी: हे टेकणं वाईटच. कोणती वस्तू पुढे, कोणती मागे, ते कळतच नाही, दोन्ही एकमेकांना चिकटल्यासारख्या दिसतात. बसायच्या जागेवरून मान जरा डावी-उजवी करून बघ, तेवढ्यानेही सफरचंद जगाच्या आड येतं किंवा सुटतं. मग डोळा तिथेच ठेवून सगळं चित्र काढायचं.

कुंचलेवाला: मान कशाला वाकडी करायची? कागदावर सफरचंद अर्धा सेंमी सरकव आणि मोकळी हो.

रेघोटी: समोरचं बघून काढायचंय, मनचं नाही. तपासणारा त्याच मांडणीची पन्नास चित्रं बघतोय.

जुनी पेटी: अर्धा सेंमी कुणाला कळत नाही हो. पण सावलीही बरोबर सरकवा, नाहीतर चोरी पकडली जाईल.

वहीचं मागचं पान: आत्ता मोबाइलवर फोटो काढून ताडून बघितला. फोटोत जगाचं तोंड माझ्यापेक्षा बरंच गोल दिसतंय. म्हणजे तोंडही चुकलंय का?

रेघोटी: फोटो उभं राहून काढलास का?

वहीचं मागचं पान: हो.

रेघोटी: मग ताडून उपयोग नाही, उभ्या डोळ्याला तोंड जास्त उघडंच दिसणार. बसल्या जागेवरून, डोळ्याच्या उंचीवर मोबाइल धरून काढ. किंवा फोटो सोड, एक डोळा मीट, कोपर ताठ ठेवून हातातली पेन्सिल समोर धर आणि तोंडाची उंची त्याच्या रुंदीत किती वेळा बसते ते बघ. तुझ्या चित्रात ती अडीच वेळेपेक्षा जरा कमी आहे.

कुंचलेवाला: मोजून झालं की बुडाजवळची सावली तरी काळी कर. वळवलेली कड टेकली तिथे बारीक गडद फट हवीच. त्यावर मी ठाम आहे.