अनोळखी वरिष्ठ अधिकाऱ्याला ईमेल: 'महोदय' आणि त्यानंतरची पहिली ओळ (अनुभव धागा)

धागाकर्ता, दारव्हा

गावाकडून जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, पोलीस अधीक्षक यांना आता सर्रास ईमेल जातात. लिहिणाऱ्याने त्या अधिकाऱ्याला कधी पाहिलेले नसते. मायना काय लिहावा आणि पहिल्या दोन ओळी कशा असाव्यात, यावर इथे जाणकारांनी लिहावे. नुसते 'असे लिहा' नको, का ते पण सांगा.

चर्चेसाठी एक खरा वाटेल असा नमुना देतो. प्रकरण असे: पांदण रस्ता कुंपण घालून अडवला आहे, तहसीलमध्ये अर्ज दिलेला आहे, पाहणी झालेली नाही, म्हणून कास्तकार जिल्हाधिकाऱ्यांना लिहितो आहे.

> आदरणीय प्रिय जिल्हाधिकारी साहेब, सप्रेम नमस्कार वि. वि. आपण आपल्या जिल्ह्याला लाभलेले एक कर्तव्यदक्ष अधिकारी आहात. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा बाळगून पत्रास कारण की, आम्हा गोरगरीब शेतकऱ्यांवर खूप मोठा अन्याय होत असून…

जुना आवक-जावक

सर्वांत आधी हे लक्षात घ्या की ईमेल उघडणारा माणूस बहुतेक वेळा जिल्हाधिकारी नसतो. स्वीय सहायक किंवा आवक-जावकचा लिपिक तो उघडतो, छापतो किंवा पुढे पाठवतो, आणि कोणत्या शाखेला जाईल ते ठरवतो. कार्यालयात याला मार्किंग म्हणतात. महसूल, पुनर्वसन, पुरवठा, रोजगार हमी, भूसंपादन अशी टेबले वेगवेगळी असतात. पहिली ओळ त्या माणसासाठी लिहायची. ती वाचून त्याला टेबल कळले की तुमचे अर्धे काम झाले.

वरच्या नमुन्यात तीसहून जास्त शब्द झाले तरी पांदण हा शब्द आलेला नाही. 'अन्याय' कोणत्याही टेबलाचा विषय नाही. असा ईमेल बाजूला पडतो. त्यात कोणाचा आकस नसतो. तो कुठे पाठवायचा हेच कळत नाही.

मायन्याबद्दल थोडक्यात. 'आदरणीय' आणि 'प्रिय' एकत्र येत नाहीत, आणि नागरिकाच्या अर्जात 'प्रिय' येतच नाही. 'प्रिय श्री. अमुक' हा मायना अर्धशासकीय पत्राचा आहे, एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला नावाने लिहिलेल्या पत्राचा. नागरिकाने वर 'मा. जिल्हाधिकारी' आणि खाली 'महोदय,' लिहावे. बाईमाणूस असेल तर 'महोदया,'. माहीत नसेल तर 'महोदय/महोदया,'. एवढे पुरे.

सेतूताई

केंद्रावर रोज हे टाइप होते, म्हणून दोन गोष्टी सांगते.

एक, अधिकाऱ्याचे नाव घालायचा मोह टाळा. बदल्या होत राहतात, आणि जुन्या अर्जाची फाइल कॉपी केली की मागच्या साहेबांचे नाव तसेच जाते. पदनाम बदलत नाही. नाव घालायचेच असेल तर त्याच दिवशी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर बघून घाला, जसे yavatmal.gov.in. तिथे नाव ज्या पद्धतीने लिहिले आहे तसेच उचला, 'डॉ.' असेल तर 'डॉ.' सकट. महिला अधिकाऱ्यांना 'श्रीमती' लिहावे, लग्न झाले की नाही हा प्रश्न त्यात नाही. 'सौ.' किंवा 'कु.' अजिबात नको.

दोन, फॉन्ट. केंद्रावर किंवा झेरॉक्सच्या दुकानात कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर ईमेलमध्ये चिकटवला की पलीकडे मराठी दिसतच नाही. 'महोदय' च्या जागी असे दिसते:

```
egksn;
```

तुमच्या पडद्यावर बरोबर दिसेल, कारण तुमच्याकडे तो फॉन्ट आहे. ओळखायचे कसे? पाठवण्याआधी तोच मजकूर स्वतःला व्हॉट्सअॅपवर टाका. मोबाइलवर मराठी दिसली तर युनिकोड आहे. नाही दिसली तर मोबाइलच्या कीबोर्डवरून पुन्हा लिहा, आठ-दहा ओळीच असतात.

कायदेपंडित_पुसद

एवढे नम्र कशाला व्हायचे? पहिल्याच ओळीत लिहा: 'दफ्तर दिरंगाई कायदा 2005 च्या कलम 10 नुसार मला 7 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.' लगेच हलतात.

जुना आवक-जावक

भाऊ, कलम बरोबर आहे, अर्थ अर्धा आहे. कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असे ते कलम सांगते. फाइल तीन टेबलांवरून गेली तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा. तुम्हाला सातव्या दिवशी उत्तर मिळेल, असे त्यात नाही. आणि पहिल्याच पत्राच्या पहिल्या ओळीत हे टाकले तर विषय पांदणीचा राहत नाही, तक्रारीचा होतो आणि वेगळ्या टेबलावर जातो. स्मरणपत्रात, मागच्या पत्राची तारीख देऊन लिहा. तिथे त्याला वजन येते.

कायदेपंडित_पुसद

स्मरणपत्राचे मान्य. पण पहिल्या पत्रात शेवटी तरी असावे, हे माझे मत कायम.

मोर्शीची_माय

माझ्या सासूबाईंचे निराधारचे पैसे बंद झाले आहेत. त्यासाठी कलेक्टर साहेबांना कोणता नमस्कार लिहू? 'साष्टांग नमस्कार' चालेल का?

सेतूताई

ताई, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज आधी तहसील कार्यालयात, त्या योजनेच्या टेबलाकडे. तिथले उत्तर आल्याशिवाय वर लिहिले तर ते पुन्हा तहसीललाच येते. साष्टांग नको, 'महोदय' पुरे. पहिली ओळ अशी ठेवा: लाभार्थीचे पूर्ण नाव, गाव, कोणत्या महिन्यापासून पैसे बंद, बँक कोणती. आधार क्रमांक ईमेलच्या अंगात लिहू नका. हयातीचा दाखला दिला असेल तर त्याची तारीख टाका.

धुऱ्यावरचा

पांदणीच्या प्रकरणात पहिल्या ओळीवर बरेच काही अवलंबून असते, ते सांगतो.

रस्ता आधीपासून होता आणि कोणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चे कलम 5 लागते आणि दावा तहसीलदारांपुढे चालतो. रस्ता नव्हताच, धुऱ्यावरून नवीन पाहिजे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चे कलम 143. दोन्ही तहसीलदारांकडेच, पण प्रकरण वेगळे. लोक लिहून राहिले, 'आम्हाला वावरात जायला रस्ता नाही, तो मिळावा.' वाचणाऱ्याला वाटते नवीन मागतो आहे. म्हणून 'अडवला' की 'नवीन हवा' हे पहिल्या ओळीत स्पष्ट पाहिजे. गाव नकाशावर पांदण दाखवलेली असेल तर तेही तिथेच.

दुसरे, तारीख. कलम 5 चा दावा अडवल्यापासून 6 महिन्यांत दाखल करावा लागतो. 9 जूनला कुंपण घातले तर डिसेंबरच्या 9 तारखेच्या आत. जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेला ईमेल म्हणजे दावा नव्हे, त्याने मुदत थांबत नाही. तहसीलमध्ये दिलेला नुसता विनंती अर्जही दाव्याची जागा घेईल असे धरून चालू नका. 'अनेक दिवसांपासून रस्ता बंद आहे' असे लिहिले की मुदतीत आहात की नाही हेच कळत नाही.

वरचा नमुना मी असा लिहीन. गट आणि तारखा उदाहरणादाखल आहेत:

> विषय: मौजा अमुक, ता. दारव्हा येथील पांदण रस्ता गट क्र. 112 जवळ अडवल्याबाबत
>
> संदर्भ: तहसील कार्यालयात दि. 20 जून रोजी दिलेला अर्ज, आवक क्र. …
>
> महोदय/महोदया,
>
> मी मौजा अमुक येथील गट क्र. 115 चा खातेदार आहे. माझ्या शेतात जाणारा, गाव नकाशावर दाखवलेला पांदण रस्ता गट क्र. 112 जवळ दि. 9 जूनपासून काटेरी तार लावून अडवण्यात आला आहे. याबाबत तहसील कार्यालयात संदर्भीय अर्ज दिला असून स्थळपाहणी अद्याप झालेली नाही. पाहणीची तारीख ठरवून कळवण्याबाबत तहसील कार्यालयास सूचना व्हावी, ही विनंती.

कोण, कुठे, काय, कधीपासून, आधी काय केले, आता काय पाहिजे. भांडण कोणाशी आहे, आजोबांच्या काळी काय होते, ते सगळे यानंतर.

जुना आवक-जावक

शेवटचे वाक्य नीट बघा. जिल्हाधिकाऱ्यांकडे 'रस्ता मोकळा करून द्या' असे मागितले की अर्ज 'नियमोचित कार्यवाहीस्तव' असा शेरा मारून तहसीललाच जातो, जिथून तुम्ही निघालात. 'पाहणीची तारीख कळवावी' असे मागितले तर तहसीलदारांना काहीतरी कळवावे लागते. आणि आवक क्रमांक विसरू नका. त्याच्याशिवाय जुना अर्ज शोधताना लिपिकाचा दिवस जातो.

गुरुजी_उमरखेड

'मा. जिल्हाधिकारी साहेब' लिहिणे चूक आहे का? आपल्याकडे 'साहेब' म्हटल्याशिवाय आदर वाटत नाही. नुसते पदनाम उद्धट वाटेल.

सेतूताई

चूक नाही गुरुजी. कोणी 'साहेब' वरून अर्ज परत करत नाही. फक्त 'मा.', 'साहेब' आणि 'महोदय' तिन्ही एका ओळीत नको.

नागपूरकर पाहुणा

मला एक अडचण दिसते. कागदी अर्जासारखा 'प्रति, मा. जिल्हाधिकारी, जिल्हाधिकारी कार्यालय, यवतमाळ' हा मजकूर ईमेलच्या वर टाकला की मोबाइलवर यादीत विषयाखाली जो तुकडा दिसतो, तो सगळा पत्त्यातच संपतो. पत्ता तर 'टू' मध्ये आहेच. मी थेट 'महोदय,' पासून सुरू करतो.

जुना आवक-जावक

छापल्यावर 'टू' मध्ये नुसता ईमेल पत्ता दिसतो, पद दिसत नाही. फाइलमध्ये लावलेला कागद कोणाला लिहिला आहे ते कळायला 'प्रति' हवे. मी ते काढणार नाही.

नागपूरकर पाहुणा

मग 'प्रति' एका ओळीत बसवावे, आणि विषयाच्या जागी खरा विषय लिहावा. गावाचे आणि गटाचे नाव विषयात आले की खालचा तुकडा पत्त्याचा असला तरी चालून जाईल. पण रिकामा विषय आणि वर पाच ओळींचा पत्ता, हे दोन्ही एकत्र नको.

धुऱ्यावरचा

अजून एक प्रकार दिसतो. अंगात फक्त 'महोदय, सोबत अर्ज जोडला आहे, कृपया पाहावे' आणि खाली मोबाइलने काढलेले सहा फोटो. जोडलेले न उघडता कोणाला काहीच कळत नाही, आणि फोटोतल्या मजकुरातून गट क्रमांक शोधताही येत नाही. वरच्या चार ओळी ईमेलमध्ये टाइप करा, सही केलेला अर्ज एकाच पीडीएफमध्ये जोडा.

सरपंचपती नाही, सरपंच

मुख्यमंत्री, पालकमंत्री, जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, सगळ्यांना एकच ईमेल पाठवायचा असेल तर मायना कोणाचा लिहायचा?

सेतूताई

ताई, ज्याच्याकडून काम पाहिजे तो एकच 'टू' मध्ये, मायना त्याचाच. बाकी 'सीसी' मध्ये, आणि खाली 'प्रत माहितीसाठी' लिहून पदनामे. चौघांना 'टू' मध्ये घातले की प्रत्येकाला वाटते दुसरा बघेल. ग्रामपंचायतीच्या विषयात तो एक म्हणजे बहुतेक वेळा गट विकास अधिकारी, त्यानंतर मुख्य कार्यकारी अधिकारी.

सरपंचपती नाही, सरपंच

आणि ग्रामपंचायतीच्या ईमेलवरून पाठवले तर 'मी' लिहायचे की 'ग्रामपंचायत अमुक'? ठराव सोबत जोडला आहे.

जुना आवक-जावक

ठराव असेल तर 'ग्रामपंचायत अमुक, ठराव क्र. …, दि. …' हीच तुमची पहिली ओळ. सही सरपंचाची की ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, यावर कार्यालयागणिक वेगळे बोलतात, ज्यांना पक्के माहीत आहे त्यांनी लिहा.