पत्त्यातल्या %E0%A4 ला ‘टक्केवारी’ म्हणायचं?

नीला_भाषांतर
एका मुक्त प्रणालीची मदतपानं मराठीत करतेय. त्यात एक वाक्य आहे: वेबपत्त्यात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षर आलं की त्याचं ‘पर्सेंट एन्कोडिंग’ होतं. मी साधं लिहिलं, “त्याचे % चिन्हाच्या कोडमध्ये रूपांतर होते.” तपासनिसांनी ते खोडून “टक्केवारी संकेतन होते” असं केलं. मला ते वाचून वाटतं, कुठली अक्षरं किती टक्के बदलली याचा तक्ता पुढे येणार. तुमच्या कानाला कसं लागतं? खाली ‘मराठी’ या शब्दाचं काय होतं ते देते, म्हणजे कशाला नाव द्यायचंय ते दिसेल.

```
%E0%A4%AE%E0%A4%B0%E0%A4%BE%E0%A4%A0%E0%A5%80
```

खडीसाखर
टक्केवारी म्हटलं की आमच्या तालुक्यात आधी कंत्राटदार आठवतो. “पत्त्याची टक्केवारी झाली” म्हणजे कुणीतरी खाल्ली.

जुनाटंक
विनोद सोडा, शब्द मूळचा चांगला आहे. टंक म्हणजे नाणं. त्यावरून टांकसाळ, बांगलादेशाचा टका आणि आपला टक्का. टंक म्हणजे छिन्नीसुद्धा, म्हणून टाकीचे घाव आणि टंकलेखनही. तेव्हा अक्षरावर टाकी मारून त्याचा आकडा केला, तर त्याला टक्का म्हणण्यात मला वावगं दिसत नाही. नाहीतर शाळेत आम्ही ‘द.सा.द.शे.’ घोकायचो, त्या चालीवर ‘शेकडा-लेखन’ म्हणा. पण ‘एन्कोडिंग’ नको.

मंदार_वाई
हे सगळं सुरक्षेसाठी असतं. पत्ता वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून कूटबद्ध करतात. मग सरळ ‘कूटबद्ध पत्ता’ म्हणा की. एका देवनागरी अक्षराचे तीन तुकडे होतात एवढं लक्षात ठेवलं की झालं. ‘मराठी’त तीन अक्षरं, म्हणजे नऊ तुकडे.

शिरीष_ज
मंदार, नीलाताईंच्या ओळीतले % मोजा बरं. पंधरा आहेत.

आपल्याला ‘मराठी’ तीन अक्षरी दिसतो, संगणकाला पाच चिन्हं दिसतात: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. प्रत्येक चिन्हाला युनिकोडमध्ये एक क्रमांक आहे. म चा 092E. तो साठवताना UTF-8 पद्धतीत तीन बाइट होतात, E0, A4 आणि AE. पत्त्यात प्रत्येक बाइटच्या आधी % लावतात. म्हणून तुकड्यांच्या तीनपटीबद्दल तुम्ही बरोबर आहात, फक्त ती अक्षरामागे नाही, चिन्हामागे. काना-मात्रा-वेलांटी आणि पायमोडका हलंतसुद्धा आपापले तीन तुकडे घेतात.

आणि यात लपवालपवी काहीच नाही. कुणीही उलट वाचू शकतो. ‘कूटबद्ध’ लिहिलंत तर वाचणारा निर्धास्त होऊन पत्त्यात पासवर्ड टाकेल.

शेकड्याशी तर त्या % चा काडीचा संबंध नाही. पत्त्यात इंग्रजी अक्षरं, अंक आणि `-` `.` `_` `~` एवढीच निर्धोक. `/`, `?`, `#`, `&` यांना स्वतःची कामं आहेत. १९९४ सालच्या नियमांत % ला हे काम दिलेलं आहे: “माझ्यापुढचे दोन आकडे अक्षर म्हणून वाचू नका, बाइटचा क्रमांक म्हणून वाचा.” तो भालदार-चोपदार आहे, हिशोबनीस नव्हे.

खडीसाखर
मग ‘चोपदारी संकेतन’ म्हणा, भांडणच मिटलं.

नीला_भाषांतर
मोकळ्या जागेचं कळलं नाही. ती तर इंग्रजीतही असते. तिला %20 का?

शिरीष_ज
कारण पत्ता कुठे संपला हे जागेवरूनच कळतं. ब्राउझर सर्व्हरकडे पान मागतो तेव्हा अशी एक ओळ पाठवतो:

```
GET /granth%20yadi.pdf HTTP/1.1
```

यात तीन गोष्टी आहेत आणि त्यांच्यामध्ये फक्त मोकळी जागा आहे. फाइलच्या नावातली जागा तशीच ठेवली तर सर्व्हरला वाटेल पत्ता `granth` वर संपला. व्हॉट्सॲपवर तुम्ही हेच रोज बघता. हाताने लिहिलेल्या पत्त्यात जागा आली की तिथपर्यंतचाच भाग निळा होतो, पुढचा काळा राहतो, आणि निळ्यावर बोट ठेवलं की ‘पान सापडत नाही’. 20 म्हणजे वीस नव्हे. इथे सोळा-सोळाने मोजतात, म्हणून ते दोन सोळा, आपले ३२. जागेचा क्रमांक ३२.

शोधपेटीत लिहिलेलं पत्त्यात जातं तेव्हा `?` च्या पुढे जागेऐवजी `+` सुद्धा दिसतो. तो तिथेच चालतो. फाइलच्या नावात `+` लिहिलात तर तो अधिकचं चिन्हच राहतो.

रोहिणीकाकू
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथे जाणकार दिसतात म्हणून विचारते. माझा पाककृतींचा ब्लॉग आहे. एका पानाचा पत्ता ‘पुऱ्या’ने संपतो. महिला मंडळात मी पत्ता कागदावर छापून वाटला. निम्म्या जणींना पान उघडलं, निम्म्या जणींना नाही. सगळ्यांनी ‘पुऱ्या’ अगदी बरोबर लिहिलं होतं, मी स्वतः फोन हातात घेऊन पाहिलं. भाचा म्हणाला, टक्क्यांमुळे होतं, पत्ता इंग्रजीत कर. टक्क्यांचाच दोष का?

मंदार_वाई
काही फोन देवनागरी पत्ते धरत नाहीत, काकू. जुने असतील.

शिरीष_ज
फोन जुने असते तर ‘मसालेभात’ही उघडला नसता. काकू, तो उघडतो का? आणि ज्यांना उघडलं आणि ज्यांना नाही, अशा दोघींच्या फोनवरचा पत्ता कॉपी करून इथे चिकटवा. कॉपी केला की बहुतेक वेळा % सकट येईल.

रोहिणीकाकू
मसालेभात सगळ्यांकडे उघडतो! हे घ्या. पहिलं उघडत नाही, दुसरं उघडतं.

```
%E0%A4%AA%E0%A5%81%E0%A4%B1%E0%A5%8D%E0%A4%AF%E0%A4%BE
%E0%A4%AA%E0%A5%81%E0%A4%B0%E0%A5%8D%E2%80%8D%E0%A4%AF%E0%A4%BE
```

शिरीष_ज
सापडलं. पहिल्या ओळीत तिसरं चिन्ह संपतं `B1` वर, दुसरीत `B0` वर. `B1` म्हणजे नुक्त्याचा ऱ, `B0` म्हणजे आपला नेहमीचा र. आणि दुसरीत हलंतानंतर एक पाहुणा आलाय, `%E2%80%8D`. तो रुंदी नसलेला जोडक आहे. पडद्यावर तो दिसत नाही, पण र ला रफार होऊ देत नाही, आडवा ठेवतो.

म्हणजे ‘पुऱ्या’तला तो आडवा र दोन रस्त्यांनी लिहिता येतो. ऱ, हलंत, य असा, किंवा र, हलंत, अदृश्य जोडक, य असा. कुठला कळफलक कुठला रस्ता धरतो यावर अवलंबून. डोळ्याला दोन्ही एकच. सर्व्हर डोळ्यांनी बघत नाही, बाइट जुळवतो, म्हणून त्याच्या लेखी ही दोन वेगळी पानं. ‘मसालेभात’मध्ये हा र च नाही, म्हणून तो सगळीकडे उघडला.

दोष टक्क्यांचा नाही, उलट % उघडे पडले म्हणून फरक दिसला. उपाय: पहिल्या पत्त्यावरून दुसऱ्याकडे वळवणी लावा. छापायच्या पत्त्यात मात्र ऱ्य असलेला शब्द टाळा.

जुनाटंक
आता मुद्द्यावर आलात. दर्या आणि दऱ्या, आचार्यास आणि आचाऱ्यास, हा मराठीचा खास भेद. हिंदीवाल्यांना याची फिकीर नाही, म्हणून कळफलकात गोंधळ.

शिरीष_ज
गोंधळ याहून वाईट होतो. काही प्रणाली पत्ता तयार करताना अदृश्य चिन्हं कचरा समजून झाडून टाकतात. जोडक गेला की र ला रफार होतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो.

पिंपळपान
माझ्याकडे जोडकाचा नाही, लांबीचा घोळ आहे. आमच्या ब्लॉगला पत्त्याच्या त्या तुकड्यासाठी २०० जागा आहेत, आणि मोजतात % सकट. ‘आमच्या गावची जत्रा आणि कुस्त्यांचा फड’ असं शीर्षक दिलं, पत्ता झाला ‘आमच्या-गावची-जत्रा-आणि-कु’. गावात महिनाभर थट्टा.

शिरीष_ज
चिन्हामागे ९ जागा, म्हणजे २०० मध्ये जेमतेम २२ चिन्हं. तुमच्या ‘कु’पर्यंत १९३ झाल्या, पुढचं चिन्ह बसत नव्हतं. तरी तुमची प्रणाली सभ्य, चिन्हाच्या कडेवर कापते. `%E0%A4` वर कापलं असतं तर अर्धं अक्षर राहिलं असतं आणि ते कुणालाच वाचता आलं नसतं.

मंदार_वाई
आणि माझ्याकडे एका पत्त्यात `%25E0%25A4` असं आलंय. हे कुठलं अक्षर?

शिरीष_ज
अक्षर नव्हे, दोनदा पुसलेली पाटी. % चा स्वतःचा कोड 25. आधीच बदललेला पत्ता कुणीतरी पुन्हा बदलला, तर `%E0` चा % हाच `%25` होतो. पत्त्यात `%25` नंतर `E0` दिसला की समजा कोणीतरी जास्तीची मदत केली आहे. `%25` चे `%` करून बघा, बहुतेक उघडेल.

जुनाटंक
शिरीषराव, ‘कोड’ ‘कोड’ काय करता? कोड हा त्वचेचा विकार. ‘संकेत’ म्हणा.

खडीसाखर
संकेतस्थळाचा पत्ता संकेतात बदलतो, असं लिहायचं? वाचणाऱ्याला संकेत मिळाला म्हणजे भेटायलाच जाईल.

मंदार_वाई
बरं, मग ‘.भारत’ ने संपणाऱ्या नावात % का येत नाही?

शिरीष_ज
नावाच्या भागाची रीत निराळी. तिथे ‘भारत’चं `xn--h2brj9c` होतं. % फक्त नावानंतरच्या तिरप्या रेघेपुढे.

जुनाटंक
याला काय म्हणणार? हे तर टक्केही नाहीत.

नीला_भाषांतर
थांबा हो, त्याचं पान पुढच्या आठवड्यात यायचंय. तपासनिसांना मी शिरीषरावांचं चोपदाराचं उदाहरण पाठवलं. ते म्हणाले ‘टक्केवारी’ काढतो, पण ‘% चा कोड’ हे बोलीभाषेतलं वाटतं, ‘%-संकेतन’ करा. मी विचारलं, वाचताना % चा उच्चार काय करायचा? उत्तर आलं, “टक्के”.

रोहिणीकाकू
वळवणी लावली, आता दोन्ही ‘पुऱ्या’ उघडतात. पण त्या आडव्या र ला नाव काय? रफार म्हटलं की मुली वर बघतात, डोक्यावर.

जुनाटंक
आम्ही त्याला नावच दिलं नव्हतं, काकू. गुरुजी फळ्यावर काढून दाखवायचे आणि म्हणायचे, “हा.”